काजव्यांचा उजेड आणि रात्रीचा रंग : द्विमितीय ॲनिमेशनपटातील निशादृश्याच्या रंगयोजनेचा विचार

द्विमितीय ॲनिमेशनपटात रात्र दाखवावयाची म्हणजे दिवसाच्या चित्रावर निळ्या रंगाचा एक थर चढवावयाचा, ही समजूत अभ्यासकांच्या कामात आणि पुष्कळशा व्यावसायिक कामातही इतकी खोल रुजली आहे की, तिची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. ह्या समजुतीने तयार झालेली दृश्ये ओळखता येतात. त्यांत पात्रे दिसतात, घरे दिसतात, झाडाचे पान नि पान दिसते. सर्व काही निळे असते आणि तरीही काळोख मात्र कोठेच नसतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, निशादृश्याची रंगयोजना करताना रंगाची निवड ही दुसरी पायरी होय. पहिली पायरी उजेडाच्या मालकीचा निर्णय करण्याची आहे : उजेड कोठून येतो, तो कोणावर पडतो आणि कोणास नाकारला जातो. ह्या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ इसाओ ताकाहाता ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९८८ साली प्रदर्शित झालेल्या ‘होतारु नो हाका’ म्हणजे ‘काजव्यांचे थडगे’ ह्या जपानी चित्रपटातील रात्रींचा विचार येथे केला आहे. परंतु त्या रात्रींचे वैशिष्ट्य ध्यानात येण्यासाठी निळ्या रंगाच्या रूढीचे मूळ आधी तपासले पाहिजे.

चंद्रप्रकाश निळा नसतो. तो परावर्तित सूर्यप्रकाशच होय, आणि उपकरणाने मोजल्यास तो मूळ सूर्यप्रकाशाहून किंचित पिवळसरच भरतो. भेद आहे तो प्रमाणाचा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या उजेडाचा सुमारे चार लाखावा भाग इतकाच उजेड देतो, आणि इतक्या क्षीण उजेडात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ निकामी होऊन केवळ दंडपेशींवर दृष्टीचा भार पडतो. दंडपेशींना रंगभेद कळत नाहीत. शिवाय त्यांची संवेदनशीलता निळ्या-हिरव्याच्या बाजूस झुकलेली असते. दिवसा डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर लांबीच्या पिवळट-हिरव्या लहरींना सर्वाधिक दाद देतो. रात्री हे शिखर ५०७ च्या आसपास सरकते. त्यामुळे तिन्हीसांजेस बागेतील तांबडे फूल प्रथम काळे पडते आणि हिरवी-निळी पाने त्यानंतरही काही वेळ उजळ वाटत राहतात. बोहेमियन शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदविलेली ही घटना त्याच्याच नावाने ओळखली जाते. दुसरे मूळ चित्रपटाच्या तंत्रात आहे. कृष्णधवल व नंतर रंगीत चित्रपटांच्या काळात रात्रीची अनेक दृश्ये भर दुपारी, कमी प्रकाशन देऊन आणि रंगीत चित्रपटांत निळसर गाळणी लावून टिपली जात. फ्रेंच चित्रकर्मी ह्या क्लृप्तीस ‘अमेरिकन रात्र’ म्हणत, आणि त्रुफो ह्याने १९७३ साली आपल्या एका चित्रपटास तेच नाव दिले.

ह्याचा अर्थ असा की, निळ्या रात्रीत सत्याचा अंश आहे. परंतु तो अर्धा आहे. तांबडे लवकर मावळते आणि निळे उशिरा, हे खरे. पण रात्री डोळ्याला जे घडते ते मुख्यतः नुकसान असते : रंग नाहीसे होतात, कडा विरघळतात, तपशील हरवतात. निळा थर ह्यांपैकी काहीच हरवू देत नाही. तो सर्व तपशील तसाच ठेवून त्याला फक्त रंगवून काढतो.

द्विमितीय चित्रात ही अडचण अधिक तीव्र होते, आणि तिचे कारण त्या माध्यमाच्या घडणीत आहे. पात्र सपाट रंगांनी भरलेले असते. कातडीला एक मूळ रंग, एक छायेचा रंग, क्वचित् एक झळाळीचा रंग, आणि भोवती रेषा. पार्श्वचित्र मात्र वेगळ्या हाताने, बहुधा अपारदर्शक जलरंगाने, अनेक छटांत रंगविलेले असते. दोन निरनिराळ्या जातींची चित्रे एकावर एक ठेवून एकच जग भासवावयाचे, हा ह्या माध्यमाचा नित्याचा व्यवहार. दिवसा तो सहज निभावतो, कारण भरपूर उजेडात दोहोंनाही आपापले रंग मिरविण्याचा अधिकार असतो. रात्री तो अधिकार कमी करावा लागतो, आणि तो दोन्हीकडे सारखाच कमी झाला नाही की पात्र कात्रीने कापून चिकटविल्यासारखे दिसू लागते. सपाट चित्राच्या जुन्या परंपरांनी ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली होती. पहाडी लघुचित्रांतील अभिसारिका पाहिली तर काळोख आकाशात आणि झाडीत असतो. नायिका मात्र जणू दिवसाच्याच उजेडात चालत असते, आणि रसिकाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण तेथे रात्र हा एक संकेत आहे. ॲनिमेशनपटाला हा संकेत पूर्णपणे स्वीकारता येत नाही. त्यातील पात्र हलते, दिव्याजवळ जाते, दिव्यापासून दूर जाते. आणि हलणाऱ्या वस्तूवर उजेड बदलला नाही तर प्रेक्षकाचा विश्वास उडतो.

निळा थर नेमके काय करतो, हे एका साध्या उदाहरणाने पाहता येईल. एक मुलगी हातात कंदील घेऊन नीळ घातलेल्या चुन्याच्या भिंतीसमोर उभी आहे. अंगात तांबडे वस्त्र आहे. संगणकावर प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा ह्यांच्या ० ते २५५ ह्या मापांत लिहिला जातो. समजा, दिवसाच्या तक्त्यात कातडीचा रंग २२६, १७८, १४० असा आहे, वस्त्राचा १९०, ४८, ४० आणि भिंतीचा १२०, १५०, १७०. आता ह्या सर्वांवर ७७, ९२, १२८ असा निळसर थर गुणाकाराच्या पद्धतीने चढविला, तर कातडी ६८, ६४, ७० होते. वस्त्र ५७, १७, २० आणि भिंत ३६, ५४, ८५ होते.

ह्या आकड्यांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. वस्त्र जवळजवळ काळे झाले. ते पुर्किन्येच्या निरीक्षणाशी योगायोगाने जुळते, म्हणून तेथे तक्रार नाही. परंतु कातडीतील तिन्ही मापे जवळजवळ सारखी झाली, म्हणजे चेहरा राखाडी झाला. जिवंत मुलीचा चेहरा प्रेताच्या रंगाचा होतो तो येथे. आणि सर्वांत घातक गोष्ट डोळ्याला एकदम दिसत नाही. तिन्ही रंगांच्या वाट्यांचे भान ठेवून उजळपणा काढला, तर दिवसा चेहऱ्याचा उजळपणा सुमारे १८५ आणि भिंतीचा १४५ होता. दोहोंत चाळीसचे अंतर होते. थर चढविल्यावर चेहरा ६५ वर आणि भिंत ५२ वर आली. अंतर तेराच उरले. चेहरा भिंतीत बुडाला. तो दिसेना असे वाटून चित्रकार थर पातळ करतो. मग चेहरा दिसू लागतो, पण रात्र निघून जाते. रात्र आणि चेहरा ह्यांतील ही ओढाताण विद्यार्थ्यांच्या कामात वारंवार आढळते, आणि थराची जाडी बदलून ती सुटत नाही, कारण दोष थराच्या जाडीत नाहीच. एकाच थराने सर्वांना सारखेच वागविले, हा दोष आहे.

ती सुटते ती पात्राचा रात्रीचा तक्ता स्वतंत्रपणे, आणि तोही त्या विशिष्ट पार्श्वचित्रावरच ठेवून ठरविल्याने. उदाहरणातील भिंत २४, ३४, ५० पर्यंत खाली नेली आणि कातडी हाताने ९६, ८०, ७८ वर आणली, तर उजळपणातील अंतर पन्नासच्या घरात जाते. चेहरा पुन्हा वाचता येतो. दिवसाच्या मानाने तो फारच काळा आहे, तरी त्यात थोडा उबदारपणा शिल्लक आहे. हा उबदारपणा भौतिकदृष्ट्या समर्थनीय नाही. तथापि प्रेक्षकाला चेहऱ्याचा रंग ठाऊक असतो आणि तो तो काळोखातही गृहीत धरतो. ह्या स्मृतीचा मान राखणे हे रंगयोजकाचे काम आहे. डोळ्यांच्या बुबुळाभोवतालचे पांढरे आणि दात ह्यांकडेही ह्याच वेळी लक्ष द्यावे लागते. दिवसाचे पांढरे चुकून तसेच राहिले तर काळोखात दोन डोळेच तेवढे अधांतरी लुकलुकतात, आणि गंभीर प्रसंगात हशा पिकतो.

आता कंदील. त्याचा उजेड २०४, १४७, ७८ असा धरून उजळ बाजूचे रंग काढले, तर कातडी १८१, १०३, ४३ होते, वस्त्र १५२, २८, १२ आणि भिंत ९६, ८६, ५२. निळी भिंत दिव्याशेजारी निळी राहिलीच नाही. ती शेवाळ्या-मातकट झाली. अनेक चित्रांत भिंत सर्वत्र निळी ठेवून तिच्यावर पिवळ्या रंगाचे एक धूसर वर्तुळ काढलेले असते, आणि तो दिवा चिकटविलेल्या ठिगळासारखा का वाटतो हे चित्रकाराला उमगत नाही. उजेड वस्तूवर पडतो तेव्हा वस्तूचा रंग बदलतो. उजेड हा वस्तूपुढे टांगलेला पडदा नव्हे. मात्र एका मर्यादेची नोंद येथे केली पाहिजे. वरील गुणाकार संगणकाच्या रूढ मापांवर केलेला आहे, आणि तो प्रकाशाच्या खऱ्या भौतिक गणिताशी तंतोतंत जुळत नाही. तो निर्णयाची सुरुवात करून देतो. निर्णय डोळ्यानेच घ्यावा लागतो.

ह्या रंगांत सर्वांत मोठे माप १८१ आहे, हे सहेतुक आहे. २५५ पर्यंतची उरलेली जागा कंदिलाच्या काचेसाठी आणि ज्योतीसाठी राखून ठेवावयाची असते. चेहराच २४० पर्यंत उजळविला, तर ज्योत त्याहून उजळ दाखविण्यास जागा उरत नाही, आणि मग दिवा पेटलेला वाटत नाही. ही मर्यादा चित्रकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जलरंगात कागदाच्या पांढऱ्यापलीकडे जाता येत नाही. सावळाराम लक्ष्मण हळदणकर ह्यांच्या १९४५-४६ च्या सुमारास रंगविलेल्या, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील प्रसिद्ध दीपधारिणीचा येथे विचार करण्यासारखा आहे. त्या चित्रातील स्त्रीने ज्योतीपुढे हात धरला आहे. ज्योत उघडी न दाखविल्यामुळे तिच्या तेजाची कागदाशी तुलनाच होत नाही. बोटांतून पाझरणारी तांबूस आभा आणि चेहऱ्यावरील उजेड ह्यांवरून प्रेक्षक ते तेज स्वतःच कल्पितो. प्रकाशाचे उगमस्थान झाकणे हा दुबळेपणा वाटेल. वस्तुतः तो माध्यमाच्या मर्यादेचा अत्यंत चतुर हिशेब आहे.

पारदर्शक पत्र्यावर चित्रे रंगवून फिल्मवर टिपण्याच्या काळात ॲनिमेशनपटाला ही मर्यादा ओलांडण्याचे एक साधन उपलब्ध होते. रंगविलेले चित्र एकदा टिपून झाल्यावर तीच फिल्म मागे घेत, आणि मग काळ्या आवरणात फक्त दिव्याच्या आकाराचे छिद्र ठेवून खालून सोडलेला खरा प्रकाश तिच्यावर दुसऱ्यांदा पाडीत. जपानी स्टुडिओंत ही पद्धत सर्रास रूढ होती. तीत दिवा रंगाने बनलेला नसे. तो खरोखरीच्या प्रकाशाने फिल्मवर उमटलेला असे, आणि शेजारच्या कोणत्याही रंगाहून उजळ भरे. अर्थात् हे साधनही तेव्हाच परिणाम करी, जेव्हा भोवतालचे रंग पुरेसे खाली ठेवलेले असत.

ताकाहाता ह्यांच्या चित्रपटाकडे ह्या पार्श्वभूमीवर वळावे. अकियुकी नोसाका ह्यांच्या १९६७ सालच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट कोबे शहरावरील आगबाँबांच्या हल्ल्यात आई गमावलेल्या सेइता आणि सेत्सुको ह्या भावंडांची कहाणी सांगतो. कलादिग्दर्शन निझो यामामोतो ह्यांचे आहे आणि पात्रांच्या रंगांची जबाबदारी मिचियो यासुदा ह्यांनी सांभाळली होती. ह्या चित्रपटात बहुतांश बाह्यरेषा काळ्याऐवजी तपकिरी आहेत. सामान्यतः ह्या निर्णयाचा उल्लेख चित्रांना मृदुता आणणारा म्हणून केला जातो, आणि ते खरेही आहे; परंतु रात्रीच्या दृश्यांत त्याचे महत्त्व त्याहून अधिक ठरते. पात्राभोवतीची रेषा काळी असेल तर ती त्या दृश्यातील सर्वांत काळी वस्तू होऊन बसते. काळोखाची तळरेषा तिने आधीच व्यापलेली असल्यामुळे रात्र तिच्याहून खोल जाऊच शकत नाही, आणि पात्र तारेने वेढलेल्या काचचित्रासारखे पार्श्वचित्रापासून तुटते. तपकिरी रेषा ती खोली मोकळी सोडते. पात्राचे रंग खाली नेले की ती त्यांच्यात विरघळते, आणि उजेड पडला की अंगाच्याच रंगाची गडद कड म्हणून परत दिसते.

ह्या चित्रपटात रात्र एक नाही. आरंभीची रात्र २१ सप्टेंबर १९४५ ची, सान्नोमिया स्थानकावरील. सेइता तेथे उपासमारीने मरतो, आणि आपण ह्याच रात्री मेलो असे त्याचाच आवाज प्रेक्षकाला सांगतो. त्यानंतर दोन्ही भावंडांची छायारूपे दिसतात आणि त्यांच्याबरोबर एक तांबडा उजेड येतो. तो कोणत्याही दिव्याचा नाही. काळोखात त्याचे उगमस्थान शोधून सापडत नाही. वर सांगितल्याप्रमाणे खऱ्या रात्री तांबडा रंगच सर्वांआधी मावळतो. येथे तोच तेवढा शिल्लक राहिला आहे, म्हणजे डोळ्याच्या नियमाचा उघड भंग आहे. आणि म्हणूनच ही रात्र जिवंत माणसांच्या अनुभवातली नाही, हे प्रेक्षकाला कोणी न सांगता कळते. पुढे कथेत जेथे जेथे ही छायारूपे आपल्याच भूतकाळाकडे पाहत उभी असतात, तेथे तेथे हा तांबडा रंग परत येतो. त्याचा अर्थ एकदाच शिकावा लागतो. तांबडा म्हणजे आगीचा व रक्ताचा रंग, असे सरळ प्रतीक काढण्याचा मोह येथे आवरला पाहिजे; त्याचे पहिले काम व्याकरणाचे आहे, काळ ओळखून देण्याचे.

दुसरी रात्र गुहेसारख्या आसऱ्यातील. आत्याबाईसारख्या वागणाऱ्या दूरच्या नातलग स्त्रीचे घर सोडून मुले तेथे राहावयास आली आहेत. आत काळोख आहे, म्हणून काजवे पकडून आणून मच्छरदाणीत सोडले जातात. ह्या प्रसंगाची रंगयोजना सर्वस्वी उजेडाच्या मालकीवर उभी आहे. येथे चंद्र नाही, दिवा नाही. उजेड फक्त काजव्यांचा आहे, आणि त्यांच्यावाचून जे काही आहे ते काळोखाचे. एरवी एखाद्या चित्रकाराने गुहेच्या तोंडातून निळे चांदणे आत आणले असते, चेहऱ्यांची एक कड त्याने उजळली असती, आणि दृश्य अधिक सुरेखही झाले असते. पण मग काजवे शोभेचे झाले असते. चेहरे त्यांच्यावाचूनही दिसलेच असते, आणि मुलांना त्यांची गरज होती ही गोष्ट चित्रातून पुसली गेली असती. उजेडाचा दुसरा उगम नाकारण्यात हा प्रसंग घडला आहे.

वास्तवाशी ताडून पाहता ह्यात अतिशयोक्ती आहे. काजव्यांचा उजेड हिरवट-पिवळा आणि अत्यंत क्षीण असतो. मूठभर काजव्यांनी चेहऱ्यांवरील हास्य दिसण्याइतका प्रकाश पडणे संभवत नाही, आणि पडलाच तरी डोळ्याला त्यात रंग कळणार नाहीत. ताकाहाता हे दैनंदिन तपशिलाच्या काटेकोरपणासाठी ओळखले जाणारे दिग्दर्शक. त्यांनी येथे तो काटेकोरपणा सोडला, असे कोणी म्हणेल. तो आक्षेप अर्धवट वाटतो. उजेडाचे प्रमाण वाढविले आहे, पण त्याचे वर्तन बदललेले नाही : तो जवळच्यावर पडतो, दूरच्याला सोडतो, आणि त्याच्या रंगाने ज्याला स्पर्श केला त्याचा रंग बदलतो. प्रेक्षक उजेडाचे प्रमाण मोजीत नसतो. तो वर्तन तपासीत असतो.

ह्याच उजेडात सेइताला नौदलाचे संचलन आणि वडिलांची युद्धनौका आठवते, आणि काजव्यांचे ठिपके त्या दीपोत्सवात मिसळून जातात. रंगाच्या दृष्टीने हे स्थित्यंतर इतके सहज होते, कारण काळ्या पार्श्वभूमीवरील पिवळसर ठिपके एवढीच सामग्री दोन्हीकडे आहे. पार्श्वभूमी निळी असती, तर एका निळ्यातून दुसऱ्या निळ्याकडे जाताना जोड दिसला असता. आणि सकाळी, दिवसाच्या सपाट उजेडात, सेत्सुको मेलेल्या काजव्यांसाठी खड्डा खणते. रात्री जे केवळ प्रकाश होते ते आता लहान काळसर किडे आहेत. मूळ जपानी शीर्षकात ‘होतारु’ हा शब्द काजव्याच्या नेहमीच्या चिन्हाने न लिहिता ‘आग’ आणि ‘खाली ओघळणे’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहिला आहे, हे जाणणाऱ्याला त्या ठिपक्यांमागे आकाशातून पडणारे आगबाँबही दिसतील. मात्र ती जाण नसली तरी प्रसंगाचे काही अडत नाही.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. एकच उगम ठेवल्यास पात्राला हिंडण्याची मुभा राहत नाही. मच्छरदाणीत बसलेल्या मुलांना जे साधते, ते रस्त्यावरून धावणाऱ्या पात्राला साधणार नाही. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘आकिरा’ ह्या चित्रपटातील रात्रीच्या शहरात उगम असंख्य आहेत, आणि तेथे तांबडी मोटारसायकल भर रात्री तांबडीच राहते; कारण ती रात्र चांदण्याची नसून विजेच्या पाट्यांची आहे, आणि विजेच्या उजेडात शंकुपेशी जाग्याच असतात. अमेरिकेत १९९२ साली सुरू झालेल्या ‘बॅटमॅन’च्या ॲनिमेशन मालिकेत पार्श्वचित्रे पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगविली गेली. हा बदल कारागिरीचा वाटतो, पण तो विचाराचा आहे. पांढऱ्या कागदावर चित्रकाराला काळोख मिळवावा लागतो आणि तो कंटाळून मध्येच थांबतो. काळ्या कागदावर प्रत्येक उजेडाचे समर्थन करावे लागते. संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने रात्रीचे पार्श्वचित्र काळ्या पाटीवर सुरू करून पाहावे. त्यात खर्च काहीच नाही.

उजेड हलू लागला की प्रश्न रंगयोजकाच्या हातून ॲनिमेटरच्या हातात जातो. अंगावर उजेड कोठे संपतो आणि छाया कोठे सुरू होते, ती सीमारेषा प्रत्येक चित्रात आखावी लागते. सेकंदाला चोवीस चौकटी आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकते असे धरले, तरी सेकंदाला बारा सीमारेषा झाल्या. म्हणून उजेडाचा निर्णय रंगभरणीच्या वेळी घेता येत नाही. तो आराखड्याच्या वेळी, छोट्या रंगीत टिपणचित्रांतच व्हावा लागतो. तो मागाहून घेतल्याची खूण ठरलेली असते : रात्र आहे, दिवा उजवीकडे आहे, आणि हनुवटीखालील छाया मात्र दुपारच्या सूर्याची आहे. २०१९ सालच्या ‘क्लाउस’ ह्या चित्रपटाने हाताने काढलेल्या पात्रांवर हलता, मऊ उजेड चढविण्याची संगणकीय साधने वापरून ही अडचण बरीच दूर केली. त्यातील दीपप्रकाश विलोभनीय आहे, ह्यात शंका नाही. परंतु गोलाईच्या छटा वाढत गेल्या तसतशी ती पात्रे त्रिमितीय बाहुल्यांसारखी दिसू लागतात, आणि सपाट रंगाच्या पात्राला काळोखात जी एक ठाम, निःशब्द आकृती लाभते ती तेथे उणावते.

दृश्य तयार झाल्यावर ते तपासण्याच्या दोन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, चित्रातील रंग काढून टाकून ते केवळ करड्या छटांत पाहावे. सर्वांत तीव्र विरोध जेथे प्रेक्षकाने पाहावयाचे आहे तेथेच आहे काय? तो खिडकीच्या चौकटीत किंवा आकाश व छपराच्या कडेवर आढळला, तर रंग कितीही सुंदर असले तरी नजर तिकडेच जाणार. दुसरी कसोटी प्रदर्शनाची. अंधाऱ्या खोलीत, चांगल्या पडद्यासमोर बसून ५ आणि १२ ह्या मापांतील भेद स्पष्ट दिसतो. उजेडी वर्गात किंवा साध्या प्रक्षेपकावर तो पूर्णपणे नाहीसा होतो. कथेला आवश्यक अशी कोणतीही गोष्ट ह्या तळघरात ठेवू नये. तसेच काळ्या आकाशातील सावकाश उतरणारी छटा संगणकावर फसवी ठरते. ती १० पासून ३० पर्यंतच चढत असेल तर मध्ये वीसच पायऱ्या मिळतात, आणि १९२० बिंदूंच्या रुंदीवर प्रत्येक पायरी सुमारे ९६ बिंदूंचा पट्टा होऊन दिसते. थोडा कणीदारपणा मिसळल्यास पट्टे मोडतात. फिल्मच्या काळात तो कण आपोआपच मिळत असे.

‘काजव्यांचे थडगे’ची अखेरची रात्र आजच्या काळातील आहे. टेकडीवरील बाकावर सेइता बसला आहे, सेत्सुको त्याच्या मांडीवर झोपली आहे, भोवती काजवे आहेत, आणि त्यांच्यापलीकडे उंच इमारतींचे, विजेच्या दिव्यांनी भरलेले कोबे पसरलेले दिसते. येथे प्रथमच दोन रात्री एका चौकटीत आल्या आहेत. मुलांवरील तांबूस उजेड अजूनही त्यांच्यापुरताच आहे. तो शहरापर्यंत पोहोचत नाही. शहरात उजेडाची कमतरता नाही, आणि त्यातला एकही किरण बाकापर्यंत येत नाही. पात्र आणि पार्श्वचित्र दोन निरनिराळ्या प्रकाशांत ठेवणे हा एरवी रंगयोजनेतील ढोबळ दोष. ह्या एका चौकटीत तो जाणूनबुजून केलेला आहे, आणि आधीच्या सर्व रात्रींत तो काटेकोरपणे टाळलेला असल्यामुळेच येथे तो वाचता येतो.